वर्षअखेरच्या सवलतीत सॉफ्टवेअर घेताना: टक्केवारीआधी नूतनीकरणाची अट

वर्षाच्या शेवटच्या पंधरवड्यात व्यवसायमालकांना येणाऱ्या सॉफ्टवेअर-सवलतींच्या मेलचा साचा बहुधा ठरलेला असतो. वर ठळक अक्षरांत ‘पहिल्या वर्षासाठी ४० टक्के सूट’, त्याखाली ‘३१ डिसेंबरपर्यंतच’ अशी मुदत, आणि तळाशी बारीक टाइपातल्या दोन-तीन ओळी. मालकाला वेळ नसतो, म्हणून तो वरचे दोन आकडे वाचतो आणि तळाच्या ओळी सोडून देतो. व्यवहार नेमका त्या ओळींत ठरलेला असतो, कारण सवलत एका वर्षाची असते, तर हिशेब, बिलिंग किंवा ग्राहकनोंदीचे सॉफ्टवेअर एकदा कामात रुळले की ते सहसा कित्येक वर्षे राहते.

या लेखात एकच प्रकार घेतला आहे: प्रतिवापरकर्ता दराने, वार्षिक मुदतीवर विकले जाणारे आणि मुदत संपताच आपोआप नूतनीकरण होणारे व्यावसायिक सदस्यत्व. सवलत चांगली आहे की नाही हे कसे मोजावे, काय मागावे, कोणत्या तारखा लिहून ठेवाव्यात आणि सही झाल्यावर काय करावे, हे क्रमाने पाहू.

पहिली पायरी: तळाची ओळ सुटी करून वाचा

नमुन्यादाखल अशी अट घ्या: ‘सदर सवलत केवळ प्रारंभिक मुदतीस लागू राहील. मुदतसमाप्तीपूर्वी किमान ६० दिवस लेखी सूचना न दिल्यास सदस्यत्व तितक्याच कालावधीसाठी, त्या वेळी प्रचलित असलेल्या दराने आपोआप नूतनीकृत होईल.’ शब्द थोडेफार बदलतात, पण बहुतेक विक्रेत्यांच्या अटींचा गाभा हाच असतो.

या दोन वाक्यांत चार गोष्टी ठरून गेल्या आहेत. सवलत दुसऱ्या वर्षी नाही. गप्प राहणे म्हणजे होकार. तो होकार एका महिन्याचा नसून पुन्हा पूर्ण वर्षाचा आहे. आणि चौथी गोष्ट सर्वांत महाग पडणारी आहे: दुसऱ्या वर्षाचा दर ‘प्रचलित’ असेल, म्हणजे तो आज कुठेही लिहिलेला नाही. विक्रेत्याने मध्यंतरी आपले दरपत्रक बदलले, तर तुमची सवलत जाईलच आणि वर ती वाढही तुम्हाला लागू होईल. ४० टक्के सूट संपून दर पूर्ववत झाला, तर तेवढ्यानेच बिल सुमारे ६७ टक्क्यांनी वाढते, कारण ६० चे १०० होतात. हे गणित जाहिरातीत कुणी मांडत नाही.

अटींच्या मूळ दस्तऐवजात आणखी एक वाक्य शोधा. अनेक मोठ्या विक्रेत्यांच्या करारांत अशा अर्थाची तरतूद असते की, नूतनीकरणाच्या वेळी वापरकर्त्यांची संख्या किंवा मुदत कमी केल्यास आधीचा प्रतिवापरकर्ता दर गृहीत धरला जाणार नाही आणि दर नव्याने ठरेल. म्हणजे पंधरांऐवजी बारा जणांसाठी घेतो म्हटले की उरलेल्या बारा जणांचाही दर वाढू शकतो. माणसे कमी करून खर्च कमी होईल असे गृहीत धरून चालणारा मालक इथे अडकतो.

‘दरमहा बिल, वार्षिक बांधिलकी’ असा प्लॅन असेल, तर त्याकडेही सावधपणे पाहावे. हप्ता दरमहा जातो म्हणून दरमहा सुटका होते, असा समज होणे साहजिक आहे, पण प्रत्यक्षात वर्षभराची रक्कम तुमच्यावर बांधलेली असते आणि मध्येच सोडल्यास उरलेल्या रकमेचा काही भाग किंवा सगळीच रक्कम मागितली जाऊ शकते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२४ मध्ये अडोबीविरुद्ध केलेल्या तक्रारीचा एक मुख्य मुद्दा हाच होता: अशा प्लॅनमधील मुदतपूर्व रद्द-शुल्क ग्राहकांना पुरेसे स्पष्ट सांगितले गेले नाही, असा आरोप कमिशनने ठेवला.

इथे कायदा आपली बाजू घेईल, या भरवशावर राहू नये. जर्मनीत १ मार्च २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार ग्राहकाचा करार गप्प राहिल्याने वाढलाच, तर तो अनिश्चित काळासाठी वाढतो आणि एका महिन्याच्या सूचनेने कधीही संपवता येतो. परंतु हा नियम वैयक्तिक ग्राहकांसाठी आहे. व्यवसायाने व्यवसायाशी केलेल्या करारात दोन्ही पक्ष जाणते आहेत असे धरले जाते, आणि लिहिलेली अट बहुधा लिहिल्याप्रमाणेच लागू होते.

दुसरी पायरी: दोन वर्षांचा हिशेब एका कागदावर मांडा

टक्केवारी बाजूला ठेवून एकूण रक्कम काढा, आणि ती दोन वर्षांची काढा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चलन कोणतेही धरा.

एका सल्लागार संस्थेत बारा जण ग्राहकनोंदीचे सॉफ्टवेअर वापरतात. सध्याचा दर दरमहा प्रतिवापरकर्ता १०० आहे आणि बांधिलकी नाही. म्हणजे वर्षाला १२ × १०० × १२ = १४,४००. विक्रेत्याचा वर्षअखेरचा प्रस्ताव असा आहे: ४० टक्के सूट, किमान १५ वापरकर्ते, वर्षाची रक्कम आगाऊ, आणि नूतनीकरण प्रचलित दराने.

पहिल्या वर्षाचे बिल १५ × ६० × १२ = १०,८०० येते. प्रस्तावात ‘७,२०० ची बचत’ असे छापलेले असते, कारण तुलना १५ जणांच्या पूर्ण दराशी, म्हणजे १८,००० शी केलेली असते. पण संस्थेला १५ जणांची गरजच नाही. ती एरवी जे देणार होती त्या १४,४०० शी तुलना केली, तर खरी बचत ३,६०० आहे. चाळीस टक्क्यांची सूट इथेच पंचवीस टक्क्यांवर आली. तरीही ती बचतच आहे, आणि एकाच वर्षाचा विचार केला तर प्रस्ताव स्वीकारण्याजोगा वाटतो.

आता दुसरे वर्ष. विक्रेत्याने दरपत्रक ८ टक्क्यांनी वाढवले असे धरू, म्हणजे दर १०८ झाला. नूतनीकरण आपोआप झाले, संख्या १५ च राहिली: १५ × १०८ × १२ = १९,४४०. दोन वर्षांचे मिळून ३०,२४०. हीच संस्था कोणतीही सवलत न घेता बारा जणांसाठी महिन्याच्या दराने राहिली असती, तर दुसऱ्या वर्षी १२ × १०८ × १२ = १५,५५२ आणि दोन वर्षांचे २९,९५२ झाले असते. म्हणजे सवलत घेणाऱ्याने २८८ जास्त दिले, दोन्ही वर्षांची रक्कम आगाऊ दिली आणि मध्येच सोडण्याची मोकळीकही गमावली.

उदाहरणात वाढ ८ टक्के धरली आहे. तुमच्या विक्रेत्याची वाढ याहून कमी किंवा जास्त असेल. तुमच्या बाबतीत कोणता आकडा धरावा, हे मागील दोन-तीन वर्षांची जुनी इन्व्हॉइस काढून पाहिली की लगेच कळते. नवाच विक्रेता असेल, तर त्याच्याकडून ‘गेल्या दोन वर्षांत या प्लॅनचा छापील दर किती होता’ हे लेखी विचारा. उत्तर टाळले गेले, तर तीही माहितीच आहे.

हिशेब करताना वापराची सुरुवात कधी होणार हेही धरा. २८ डिसेंबरला मुदत सुरू झाली आणि जुन्या नोंदी हलवून माणसांना शिकवेपर्यंत फेब्रुवारी संपत आला, तर बारा महिन्यांचे पैसे देऊन सुमारे दहाच महिने वापर झाला. वरच्या उदाहरणात १०,८०० दहा महिन्यांवर वाटले, तर महिन्याला ९०० ऐवजी १,०८० पडतात. सवलतीचा एक मोठा लचका असाच, कुणाच्या लक्षात न येता तुटतो.

तिसरी पायरी: वर्षअखेर कुणाची आहे ते पाहा

विक्रेत्याची घाई खरी आहे की दिखाऊ, हे ठरवण्याचा एक साधा मार्ग आहे: त्याचे आर्थिक वर्ष कधी संपते ते शोधणे. विक्री-प्रतिनिधीचे लक्ष्य त्या वर्षाशी, आणि बहुधा त्यातल्या तिमाहीशी बांधलेले असते. मायक्रोसॉफ्टचे आर्थिक वर्ष ३० जूनला संपते, ओरॅकलचे ३१ मेला, इंट्यूटचे ३१ जुलैला आणि सेल्सफोर्सचे ३१ जानेवारीला. अशा कंपन्यांची डिसेंबरमधील सवलत ही फार तर तिमाही संपवण्याची किंवा बाजारातील हंगाम साधण्याची असते. त्यांचा खरा वर्षअखेरचा दबाव दुसऱ्याच महिन्यात येतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे आर्थिक वर्ष तिच्या वार्षिक अहवालाच्या पहिल्याच पानांवर दिलेले असते, त्यामुळे हा शोध पाच मिनिटांचा आहे.

संकेतस्थळावरून कार्डाने घ्यायच्या छोट्या प्लॅनांना हे लागू होत नाही. तिथे प्रतिनिधीच नसतो, सवलत सर्वांना सारखी असते आणि घासाघीस करायलाही कुणी नसते. तिथे तुमच्या हातात एवढेच असते: अटी वाचणे, नेमकी संख्या घेणे आणि आपोआप नूतनीकरण लगेच बंद करणे. पुढची पायरी मुख्यतः प्रतिनिधीमार्फत होणाऱ्या व्यवहारांसाठी आहे.

चौथी पायरी: सूट वाढवून मागू नका, अट बदलून मागा

बहुतेक मालक इथे चुकीच्या ठिकाणी जोर लावतात. ४० चे ४५ टक्के करून घेण्यात त्यांची सगळी शक्ती जाते, आणि प्रतिनिधी थोडे आढेवेढे घेऊन ते देतोही, कारण पहिल्या वर्षी सोडलेले पैसे कंपनी दुसऱ्या वर्षी वसूल करणार हे त्याला ठाऊक असते. वर्षअखेरीस त्याला हवी असते ती या वर्षाच्या खात्यात धरली जाणारी रक्कम. पुढच्या वर्षाचा दर हा आज त्याच्यासाठी दुय्यम विषय आहे, आणि तुमच्यासाठी मुख्य. देवाणघेवाणीला जागा आहे ती नेमकी इथे.

वरच्याच उदाहरणात संस्थेने उलट प्रस्ताव ठेवला असे समजा: वापरकर्ते बाराच, सूट ४० ऐवजी २५ टक्के, वर्षाची रक्कम आगाऊ देऊ, मात्र नूतनीकरणाची वाढ भरलेल्या दरावर ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. पहिल्या वर्षाचे बिल १२ × ७५ × १२ = १०,८०० होते. प्रतिनिधीच्या पदरात पडणारी रक्कम जशीच्या तशी राहिली. दुसऱ्या वर्षी दर फार तर ७८.७५, म्हणजे १२ × ७८.७५ × १२ = ११,३४०. दोन वर्षांचे २२,१४०. आधीच्या प्रस्तावाच्या तुलनेत ८,१०० कमी, आणि तेही लहान सूट स्वीकारून. विक्रेता ५ टक्क्यांना नाही म्हणेल आणि ७ वर अडेल, हे शक्य आहे. ७ टक्के धरले तरी दुसऱ्या वर्षाचे बिल ११,५५६ च्या पुढे जात नाही. मर्यादा किती टक्क्यांची यापेक्षा ती कशावर मोजली जाते, हे अधिक महत्त्वाचे आहे.

म्हणून ‘वाढ ५ टक्क्यांपर्यंत’ एवढ्यावर थांबू नये. ‘छापील दरावर ५ टक्के’ म्हटले असेल, तर दुसऱ्या वर्षी १०५ दिले जातील आणि मर्यादा पाळली गेली असेच म्हटले जाईल. ‘मागील मुदतीत प्रत्यक्ष भरलेल्या प्रतिवापरकर्ता दरावर’ हे शब्द हवेत. या एका शब्दसमूहावर वरच्या उदाहरणात ७८.७५ आणि १०५ इतका फरक पडतो.

मागणी मेलने करा, आणि ती लहान ठेवा. मजकूर साधारण असा असू शकेल:

‘आपला प्रस्ताव मिळाला. आम्ही याच महिन्यात सही करू शकतो. त्यासाठी पुढील बाबी ऑर्डर फॉर्ममध्ये लिहून याव्यात. एक, वापरकर्ते १२ आणि दर ७५. दोन, नूतनीकरणाच्या वेळी दरवाढ मागील मुदतीत प्रत्यक्ष भरलेल्या प्रतिवापरकर्ता दरावर कमाल ५ टक्के. तीन, नूतनीकरणाच्या वेळी वापरकर्त्यांची संख्या कमी केल्यास हा दर बदलणार नाही. चार, मुदतीत वाढवलेले वापरकर्ते याच दराने आणि उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात. पाच, नूतनीकरण नको असल्याची सूचना ३० दिवस आधी, मेलने, या पत्त्यावर. सहा, मुदतीची सुरुवात १ फेब्रुवारी.’

सहाही बाबी मिळतीलच असे नाही. माझ्या मते दुसरी सोडू नये, तिसरीसाठी आग्रह धरावा, आणि सहावी बहुधा मागितली की मिळते, कारण सही डिसेंबरात झाली की विक्रेत्याचे काम झालेले असते आणि सेवा महिनाभर उशिरा सुरू केल्याने त्याला फारसा फरक पडत नाही. चौथीचा उपयोग वाढत्या संस्थेलाच. तुमची संख्या स्थिर असेल, तर ती देऊन टाकून दुसरी मिळवणे शहाणपणाचे आहे.

या टप्प्यावर प्रतिनिधी तीन वर्षांचा करार पुढे करण्याची शक्यता असते: ‘दराची काळजी आहे ना, मग तीन वर्षे तोच दर देतो.’ दर खरोखर गोठत असेल आणि सॉफ्टवेअर निदान वर्षभर वापरून पारखलेले असेल, तर हा पर्याय वाईट नाही. पण नव्या सॉफ्टवेअरसाठी नको. दर गोठतो त्याबरोबर संख्याही गोठते, आणि माणसे कमी झाली तरी तीन वर्षे पैसे तेवढेच जातात.

पाचवी पायरी: बोललेले सगळे ऑर्डर फॉर्ममध्ये आले का ते पाहा

सॉफ्टवेअरच्या व्यवहारात सहसा दोन दस्तऐवज असतात. एक, सर्वांसाठी समान असलेल्या सविस्तर अटी, ज्या बहुधा संकेतस्थळावर असतात आणि बदलतही असतात. दोन, तुमच्यापुरता ऑर्डर फॉर्म: संख्या, दर, तारखा. सविस्तर अटींत जवळजवळ नेहमी असे कलम असते की, दोन्ही पक्षांतील संपूर्ण करार एवढाच आहे आणि याआधीचे तोंडी अथवा लेखी बोलणे बंधनकारक नाही. म्हणजे फोनवर ‘पुढच्या वर्षीही बघून घेऊ, काळजी नको’ असे जे म्हटले गेले, ते सहीबरोबर संपले. तो प्रतिनिधी पुढच्या वर्षी त्या कंपनीत असेलच, याचीही शाश्वती नसते.

ऑर्डर फॉर्म आणि सविस्तर अटी यांत विसंगती आल्यास काय ग्राह्य धरायचे, हेही एका कलमात दिलेले असते. सामान्यतः ऑर्डर फॉर्मला प्राधान्य असते, पण ते वाचून खात्री करा. उलटे असेल, तर तुमच्या मर्यादेच्या वाक्यापुढे ‘सर्वसाधारण अटींत काहीही असले तरी’ हे शब्द घालून घ्यावेत.

नूतनीकरणाचा मजकूर फॉर्ममध्ये कसा असावा, तर वाचणाऱ्याला गणित करता येईल असा: ‘मुदत १ फेब्रुवारी ते ३१ जानेवारी. त्यानंतर प्रत्येकी १२ महिन्यांसाठी नूतनीकरण. नूतनीकरणाचा प्रतिवापरकर्ता दर मागील मुदतीत प्रत्यक्ष भरलेल्या दरापेक्षा ५ टक्क्यांहून अधिक असणार नाही. संख्या कमी झाल्यासही हेच लागू राहील. मुदतसमाप्तीच्या किमान ३० दिवस आधी मेलने कळवल्यास नूतनीकरण होणार नाही.’ पाच वाक्यांत सगळे आले. याहून लांबलचक मजकूर आला आणि तो दोनदा वाचूनही दुसऱ्या वर्षाचे बिल काढता येत नसेल, तर तो तसाच परत पाठवा.

सही करण्याच्या दिवशी संकेतस्थळावरील सविस्तर अटींची पीडीएफ प्रत जतन करून ठेवा. अटी नंतर बदलल्या, तर तुम्ही कोणत्या अटींवर सही केली होती, हे दाखवायला तुमच्याजवळ दुसरे काही नसते.

सहावी पायरी: तारखा उलट मोजा आणि त्याच दिवशी नोंदवा

सूचनेची मुदत हा या व्यवहारात पैसे जाण्याचा सर्वांत नेहमीचा मार्ग आहे, आणि तो निव्वळ कॅलेंडरचा प्रश्न आहे. समजा सवलत विक्रेत्याच्या मूळ अटींवरच घेतली: मुदत २८ डिसेंबरला सुरू झाली आणि पुढील वर्षी २७ डिसेंबरला संपते. ‘किमान ६० दिवस आधी’ म्हणजे २८ ऑक्टोबर. बहुतेक लोक डिसेंबर आला की विचार करू लागतात, तेव्हा ती तारीख उलटून महिना झालेला असतो. नूतनीकरणाचे इन्व्हॉइसही बहुधा सूचनेची मुदत संपल्यानंतरच येते. ते हातात पडले की ठरवू, असे म्हणणाऱ्याच्या हातात ठरवण्यासारखे काही उरलेले नसते.

वरच्या तारखांना धरून तीन नोंदी पुरेशा होतात. १ सप्टेंबरला वापराचा आढावा: गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष किती जणांनी लॉगिन केले, हे प्रशासकाच्या पानावर दिसते. १ ऑक्टोबरला निर्णय आणि सूचना. १५ ऑक्टोबरला पोच आली का ते पाहणे. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नये. सूचना ‘पाठवल्याची’ तारीख धरायची की ‘मिळाल्याची’, यावर करार वेगवेगळे असतात. काही करारांत सूचना देण्याची खिडकी दोन्ही बाजूंनी बंद असते, उदाहरणार्थ ‘९० ते ६० दिवसांच्या दरम्यान’. तिथे फार लवकर पाठवलेली सूचनाही ग्राह्य नाही असा वाद होऊ शकतो, म्हणून खिडकी उघडल्यावर पुन्हा एकदा पाठवावी.

या नोंदी एकट्या मालकाच्या फोनमध्ये ठेवू नका. हिशेब पाहणाऱ्या व्यक्तीच्या कॅलेंडरमध्येही त्याच तारखा टाका, आणि विक्रेत्याकडे संपर्कासाठी एखाद्या कर्मचाऱ्याचा मेल न देता संस्थेचा सामायिक पत्ता द्या. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या बंद मेलपेटीत स्मरणपत्रे साचत राहिली, हे कारण सांगून नूतनीकरण मागे घेतले जात नाही.

सातवी पायरी: सही झाल्यावर पहिल्या आठवड्यात

पोर्टलवर आपोआप नूतनीकरण बंद करण्याची सोय असेल, तर ती खरेदीच्याच दिवशी वापरा. त्याने चालू मुदतीला धक्का लागत नाही. वर्ष संपताना निर्णय मात्र तुमच्या हाती राहतो. बंद केल्यावर पडद्यावर दिसणाऱ्या संदेशाचे आणि ‘मुदत अमुक तारखेला संपेल’ या ओळीचे छायाचित्र ठेवा. वर्षाच्या शेवटी सॉफ्टवेअर हवे असेल, तर पुन्हा चालू करणे ही एका क्लिकची गोष्ट असते. मात्र यात एक मर्यादा आहे: नूतनीकरण बंद ठेवल्याने ठरवून घेतलेली दरमर्यादा जाते का, हे तुमच्या करारात पाहा. मर्यादा ‘आपोआप होणाऱ्या नूतनीकरणाला’च लागू असेल, तर बटण चालू ठेवून कॅलेंडरवर विसंबणे बरे.

काही गोष्टी रद्द केल्यासारख्या वाटतात, पण करार त्यांनी संपत नाही. कार्ड काढून टाकल्याने बांधिलकी जात नाही; बिल थकीत होते, आणि प्रकरण वसुलीकडे जाऊ शकते. प्रशासकाच्या पानावरून वापरकर्ता हटवल्याने लायसन्सची संख्या कमी होत नाही. जागा रिकामी राहते आणि तिचे पैसे चालूच राहतात. संख्या ‘वापरकर्ते’ या पानावर न कमी करता ‘बिलिंग’च्या पानावर, किंवा लेखी मागणीने कमी करावी लागते. तसेच मदत-केंद्राशी झालेला चॅट ही बहुधा ‘लेखी सूचना’ ठरत नाही. सूचना कोणत्या पत्त्यावर द्यायची हे करारात दिलेले असते आणि तिथेच द्यावी लागते.

पहिले इन्व्हॉइस आले की ते ऑर्डर फॉर्मशेजारी ठेवून चार ओळी ताडून पाहा: संख्या, प्रतिवापरकर्ता दर, मुदतीच्या दोन्ही तारखा आणि कर. ऑर्डर फॉर्म माणसे तयार करतात, बिले मात्र वेगळ्या प्रणालीतून निघतात, आणि सुरुवातीची तारीख १ फेब्रुवारीऐवजी सहीची पडलेली असणे अजिबात दुर्मीळ नाही. ही चूक पहिल्या आठवड्यात एका मेलने दुरुस्त होते. अकरा महिन्यांनी तीच चूक सूचनेची तारीख चुकल्याचे कारण बनते.

नूतनीकरण नको असेल तर

सूचनेत कारणे देण्याची गरज नाही. करार क्रमांक, मुदतसमाप्तीची तारीख आणि ‘या मुदतीनंतर आम्ही नूतनीकरण करू इच्छित नाही, कृपया लेखी पोच द्यावी’ एवढे वाक्य पुरेसे आहे. सूचना गेल्यावर प्रतिनिधीकडून नवी सवलत येण्याची शक्यता असते. ती स्वीकारायची असेल, तर तिचीही दुसऱ्या वर्षाची ओळ पहिल्या पायरीप्रमाणे वाचा, आणि नवा ऑर्डर फॉर्म सही होईपर्यंत दिलेली सूचना मागे घेऊ नका.

सॉफ्टवेअर सोडायचेच असेल, तर नोंदींची निर्यात मुदत संपण्यापूर्वीच करून घ्या. मुदतीनंतर विदा किती दिवस उपलब्ध राहील हे करारात असते, आणि ती खिडकी लहान असते. काही ठिकाणी ती विनंती केल्यावरच उघडते. निर्यात केलेली फाइल उघडून पाहा, नोंदींची संख्या मूळ पानाशी जुळते का ते तपासा, आणि जोडलेली बिले, पत्रे व छायाचित्रे त्यात आली आहेत की केवळ त्यांची नावे आली आहेत, हे आवर्जून बघा. अनेक प्रणालींत जोडपत्रे वेगळी उतरवावी लागतात, आणि ते काम मोठ्या खात्यात एका दुपारीत उरकत नाही. त्यासाठी शेवटच्या महिन्यातला निदान एक आठवडा राखून ठेवा.